चिमणीचे तीन पेले

मावशींच्या गिरणीतून बाहेर पडलेले पोते आजवर कधी परत आले नव्हते. मुलगी सासरहून रुसून परत येते, पत्रे पत्ता न सापडल्याने परत येतात, पण मावशींनी कांडलेली हळद एकदा उंबरठा ओलांडून गेली की गेली. पंचवीस वर्षांचा हा शिरस्ता. त्यामुळे त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास फोन वाजला, काकांनी तो उचलला, दोनदा "अरे बापरे" म्हटले आणि फोन मावशींच्या हाती देताना जरा मागे सरकून उभे राहिले, तेव्हाच मावशींनी ओळखले की काहीतरी विपरीत घडले आहे.

फोनवर चिमणी होती. चिमणी म्हणजे मावशींच्या धाकट्या बहिणीची मुलगी. अंगाने आता चिमणी राहिली नव्हती. चांगली भरलेली, चष्मेवाली, मुलींच्या मोठ्या वसतिगृहाच्या कोठीची प्रमुख होती. तीनशे मुलींच्या जेवणाचे धान्य, तेल, मसाले तिच्या सहीशिवाय स्वयंपाकघरात जात नसत.

"मावशी," चिमणी म्हणाली, आणि तिचा आवाज ऑफिसातला होता, घरातला नव्हता. "तुझी हळद परत घेऊन जा."

"काय घेऊन जा?"

"हळद. रंग सुटतोय तिचा. मी पाण्यात टाकून बघितली."

मावशींनी फोन कानापासून दूर धरून त्याच्याकडे पाहिले, जणू दोष त्या यंत्राचा असावा. मग पुन्हा कानाला लावला.

"चिमणे, पाण्यात हळद कशी टाकायची हे तुला शिकवलं कोणी?"

"तूच."

"मग?"

"म्हणून तर बघितली ना! चार वाजता अधीक्षिकाबाई वर्षभराच्या पुरवठादारांच्या यादीवर सही करणार आहेत. ज्या मालात खोट निघेल, त्या मालाच्या यादीतून नाव वर्षभर बाद. हा नियम आहे. मला तुझं नाव खोडायला लावू नकोस. त्याआधी येऊन तूच घेऊन जा."

"मी येते," मावशी म्हणाल्या. "घेऊन जायला नाही. तुझे डोळे तपासायला."

फोन ठेवून त्या उठल्या. आठवडाभर तापाने आणि सर्दीने अंथरुणाला खिळल्या होत्या. कालच कुठे पाय जमिनीला लागले होते. नाक अजून दोन्ही बाजूंनी बंद होते. पण तापात गेलेली सगळी ताकद त्या एका फोनने परत आणली. पदर खोचला, चपला शोधल्या आणि काकांना म्हणाल्या, "चला."

"अगं, एक सांगायचं होतं," काका म्हणाले. काका म्हणजे अत्यंत सौम्य मनुष्य. लग्नाला पस्तीस वर्षे झाली तरी वाक्याची सुरुवात परवानगी मागूनच करीत.

"नंतर."

"नाही, पण आपण तिकडेच चाललोय तर..."

"अहो, माझ्या हळदीवर पोरगी आळ घेतेय आणि तुम्हाला गप्पा सुचताहेत? नंतर म्हटलं ना!"

काका रिक्षा बोलवायला गेले. वाक्य अर्ध्यावर गिळण्यात त्यांचा हातखंडा होता.

वसतिगृहाच्या मागच्या बाजूला स्वयंपाकघर, त्याला लागून भांडी घासायची मोरी आणि मोरीला लागून चिमणीची कोठी. उंच छताची, थंड, पोत्यांच्या वासाने भरलेली. वास मावशींना आज येत नव्हता, पण सवयीने त्यांनी श्वास ओढून घेतला. खिडकीखाली एक लांब टेबल होते आणि टेबलावर, उन्हाच्या पट्ट्यात, काचेचा एक पेला आरोपीसारखा उभा होता. त्यातले पाणी तांबूस नारिंगी झाले होते. शेजारी आणखी दोन पेले रिकामे होते. भिंतीशी मावशींच्या गिरणीचा शिक्का असलेली दोन पोती: एक हळदीचे, एक मिरचीचे.

टेबलाशी मुख्य आचारीही हजर होते. पोट पुढे, हात मागे, आणि चेहऱ्यावर फुकटात तमाशा बघायला मिळाल्याचा आनंद.

"या मावशी," ते म्हणाले. "तुमचीच वाट बघत होतो. तुमच्या हळदीनं आज नवा अवतार घेतलाय. आणि मिरची म्हणाल तर काय तो रंग यंदा! मघाशीच पोतं उघडून बघितलं. चिमटीत घेतली तर बोटं रंगली. चमचाभरात पातेलं लाल होईल असं वाटतंय."

मावशींचा राग क्षणभर बाजूला झाला. कौतुक म्हटले की ती बाई पाघळत असे, हे तिच्या शत्रूंनाही ठाऊक होते. "मिरची निवडून घ्यावी लागते, आचारी. देठ काढायचे, दोन उन्हं द्यायची आणि कांडताना घाई करायची नाही. तेव्हा कुठे असा रंग चढतो."

काका खोकले. "अगं, त्या मिरचीचंच..."

"मिरचीचं सगळं छान आहे, ऐकलं ना तुम्ही आत्ता? आपण हळदीसाठी आलोय." मावशी टेबलाकडे वळल्या. "हं. चिमणे. माझ्यासमोर पुन्हा कर."

चिमणीने ओठ घट्ट मिटले. मावशीशी वाद घालणे तिला लहानपणापासून जमत नसे. त्यामुळे ती अशा वेळी फार शिस्तीत वागू लागे. तिने रिकाम्या दोन पेल्यांतला एक पुढे ओढला. प्यायच्या पाण्याच्या पिंपातले, मघा गरम करून कोमट होऊ दिलेले पाणी त्यात ओतले. हळदीच्या पोत्याच्या मधोमध हात घालून पूड काढली, कारण लबाडी करणारा वरचा थर चांगला ठेवतो, हेही मावशींनीच शिकवलेले. चमचाभर पूड हलकेच पाण्यावर सोडली. चमचा बाजूला ठेवला.

"ढवळायचं नाही," मावशी नकळत म्हणाल्या.

"माहीत आहे," चिमणी म्हणाली. "ढवळलं तर साधूही चोर दिसतो. हे वाक्य तुझंच आहे."

सगळे वाकून बघू लागले.

शुद्ध हळद पाण्यात कशी वागते ते मावशींना पाठ होते. थोडी वर रेंगाळते, मग शहाण्या सुनेसारखी खाली जाऊन तळाशी बसते आणि वरचे पाणी फिकट पिवळसर, जवळजवळ आरपार दिसण्यासारखे राहते. रंग घातलेली हळद अशी नव्हे. तिच्यातून गर्द पिवळ्या धारा सुटतात, पूड अर्ध्या वाटेवर असतानाच सगळा पेला पिवळाजर्द होऊन जातो. हळदीचा स्वतःचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही. बाजारातला रंग मात्र पाणी दिसले की धावत सुटतो.

आणि आता, मावशींच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या हळदीतून धारा सुटल्या. पिवळ्या नव्हेत. तांबूस, जवळजवळ विटकरी. सावकाश, निर्लज्जपणे खाली उतरल्या आणि पेलाभर पसरल्या.

"बघितलंस?" चिमणी हळूच म्हणाली. तिच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. उलट तिला रडू येईल असे वाटत होते.

"हा तर नवीनच रंग दिसतोय," आचारी म्हणाले. "पिवळा रंग घालतात ते ऐकलं होतं. मावशी काळाच्या पुढे आहेत."

"आचारी, तुमच्या तोंडात आत्ता कोणी लाडू कोंबला तर बरं होईल," मावशी म्हणाल्या. पण आवाजात नेहमीची धार नव्हती. हळकुंडे त्यांनी स्वतः निवडली होती. ताप यायच्या आधी, स्वतः उभे राहून कांडून घेतली होती. त्या पुडीत त्यांच्या घामाशिवाय दुसरे काही पडणे शक्य नव्हते. मग हे काय?

त्यांनी पेला उचलला आणि खिडकीकडे धरला. बाहेरून ओला होता. मावशींची बोटे त्यावरून सरकली.

त्यांनी पेला खाली ठेवला आणि अंगठा तर्जनीवर चोळला. पुन्हा चोळला. बोटे बुळबुळीत लागत होती, साबण लावून नीट धुतले नाहीत तर लागतात तशी. मग त्यांनी हात उजेडात धरला.

मावशींच्या हाताची बोटे पंचवीस वर्षे पिवळी होती. नखांच्या कडा, पेरांच्या रेषा, सगळीकडे हळद मुरलेली. सोन्याच्या अंगठ्या नसल्या तरी हात सोन्याचा दिसतो, असे काका तरुणपणी म्हणत. त्या पिवळ्या हातावर, जिथे जिथे ओला पेला टेकला होता, तिथे तिथे लालसर डाग उमटले होते.

मावशींच्या चेहऱ्यावर प्रकाश पडू लागला. हळूहळू, पण पूर्ण.

"चिमणे," त्या अतिशय गोड आवाजात म्हणाल्या. हा आवाज ऐकून काका नेहमी दुसऱ्या खोलीत जात. "हे पेले तू कशानं धुतेस गं?"

"सोड्यानं. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर बुडवून ठेवते. मागच्या चाचणीचा रंग, तेलकटपणा काही राहायला नको म्हणून."

"शाबास. आणि मग?"

"मग नळाखाली धरते. तीनदा."

"आज धरलेस?"

चिमणी बोलता बोलता थांबली. चष्म्यामागचे डोळे गोल झाले.

"आज," ती म्हणाली, "आज टाकी धुवायला काढली होती. नळाला पाणी नव्हतं. मी नुसते झटकून..."

"पुसले नाहीस?"

"तूच सांगितलंयस, चाचणीच्या ग्लासाला फडकं लावायचं नाही! फडक्यातून दुसऱ्याची हळद लागते म्हणून!"

"म्हणजे सोड्याचं पाणी ग्लासात तसंच."

"तसंच," चिमणी म्हणाली आणि स्टुलावर बसली.

आता मावशी उभ्या होत्या त्याहून दोन बोटे उंच दिसू लागल्या. "आचारी, तुमच्या घरी धुणं कोण धुतं?"

"बायको."

"तिला विचारा, हळदीच्या डागाला साबण लावला की काय होतं. लाल होतो की नाही? बाईमाणसाला हे विचारावं लागत नाही. साबण, सोडा, चुना, यातलं काहीही हळदीला भेटलं की ती लाल होते आणि पाण्यात पाझरते. हा हळदीचा स्वभाव आहे, खोट नाही! बाजारातला रंग असा लाजत नाही. खरी हळदच लाजते." आणि कोठीच्या दाराकडे बघत त्यांनी हुकूम सोडला, "लिंबू आणा!"

लिंबू आणायला आचारीच गेले, कारण पुढे काय होते ते कळल्याशिवाय त्यांना चैन पडले नसते. मावशींनी अर्धे लिंबू त्या तांबूस पेल्यात पिळले. बारीक बुडबुडे फसफसले, आणि पाण्यातली लाली अशी ओसरली, जणू कोणी दिवा विझवला. पेला पुन्हा पिवळा झाला.

"आई गं," आचारी म्हणाले.

"आई नव्हे, मावशी," मावशी म्हणाल्या.

एव्हाना नळाला पाणी आले होते. चिमणीने तिसरा पेला तीनदा नव्हे, सहादा धुतला, मावशींच्या नाकासमोर धरून. पुन्हा कोमट पाणी, पुन्हा पोत्याच्या पोटातली पूड, पुन्हा कोणी ढवळायचे नाही. मग सगळे वीस मिनिटे त्या पेल्याभोवती बसून राहिले. आचाऱ्यांनी आपली बायको चांगली धुते पण फार बोलते, असे सांगितले. मावशींनी ते तिला सांगायचे कबूल केले. काकांनी दोनदा तोंड उघडले, एकदा मावशींनी नुसता हात वर केला आणि एकदा म्हणाल्या, "अहो, पेल्याकडे लक्ष द्या."

हळद खाली गेली. तळाशी गादीसारखी बसली. वरचे पाणी फिकट पिवळसर राहिले, इतके की पलीकडे चिमणीच्या वहीवरच्या ओळी वाचता येत होत्या.

"मावशी," चिमणी म्हणाली, आणि आता आवाज घरातला होता. "चुकलं माझं."

"चुकलं तुझं नाही. झटकलं तुझं. पुढच्या वेळी धू." मावशींनी मनाचा मोठेपणा दाखवला, आणि तो दाखवताना सगळ्यांना नीट दिसेल अशी काळजी घेतली.

चिमणीने वही ओढली आणि लिहिले: हळद, पास. मग पुढच्या ओळीवर पेन नेत म्हणाली, "मिरची आता बघतच नाही. तुझ्या हातची आहे. सरळ पास लिहिते."

गोष्ट इथे संपली असती. पोती कोठीत राहिली असती, यादीवर सही झाली असती, मावशी रिक्षाने घरी गेल्या असत्या आणि आठवडाभर सगळ्यांना हा किस्सा ऐकवीत बसल्या असत्या. पण जिंकलेल्या माणसाला थांबायचे कुठे हे कळत नाही, आणि मावशींना तर हरतानाही कळत नसे.

"अजिबात नाही," मावशी म्हणाल्या. "बघायची. सगळ्यांसमोर बघायची! हळदीवर आळ आला, मिरचीवरही येऊन जाऊ दे. उद्या कोणी म्हणायला नको की भाचीनं मावशीला सूट दिली."

"अगं, ऐक तरी," काका उठून उभे राहिले. "त्याआधी मला एकच..."

"तुम्ही बसा!"

"अगं पण..."

"बसा म्हटलं ना! चिमणे, धू ग्लास."

चिमणीने एक पेला धुऊन आणला. मिरचीच्या पोत्यात खोल हात घालून चिमूटभर पूड काढली. खरोखरच सुरेख रंग होता, मावशींना स्वतःलाही तो पाहून भरून आले. बंद नाकाने त्यांनी वास घेतल्यासारखे केले. चिमणीने पूड पाण्यावर भुरभुरवली.

"आता बघा हं, आचारी," मावशी शिकवू लागल्या. "मिरचीचा खरा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही. तुम्ही फोडणी देता तेव्हा तेल लाल होतं ते म्हणून. पाण्यावर टाकली की तरंगते, भिजते, मग सावकाश खाली जाते आणि पाणी जवळजवळ तसंच राहतं. विटेची पूड असली तर धाडकन तळाशी जाऊन बसते आणि बोटांत चोळली तर कचकच लागते. आणि जर का वरून रंग चोळलेला असला, तर पुडीतून लाल..."

त्या थांबल्या.

पुडीतून लाल धागे निघाले होते. आधी एक, मग तीन, मग मोजता येईनात. पाण्यात वाकडेतिकडे होत खाली उतरत होते, एखाद्या लाल वेलीची मुळे फुटावीत तसे. पुडीचा काही भाग अजून शांतपणे तरंगत होता. पण धाग्यांनी त्याची वाट पाहिली नाही. पाणी गुलाबी झाले. मग लाल.

आचाऱ्यांनी स्वतःहून तोंडावर हात ठेवला, आणि हे त्या दिवसातले सर्वांत मोठे आश्चर्य होते.

मावशींनी पेल्याला हात लावला. बोटे चोळली. बोटे स्वच्छ होती. सोडा नव्हता, साबण नव्हता, लिंबाने पुसून टाकता येण्यासारखे काहीच नव्हते.

पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच त्या काकांकडे वळून म्हणाल्या, "अहो. तुम्ही काय सांगत होतात?"

काका उभेच होते. हात जोडल्यासारखे पोटावर धरलेले. "तेच सांगत होतो. तू तापात होतीस. कांडप यंत्राचा पट्टा तुटला. अर्धी मिरची झाली होती, अर्धी राहिली होती. पट्टा मिळेना. तुला विचारायला आलो तर तू म्हणालीस..."

"काय म्हणाले मी?"

"म्हणालीस, 'ऑर्डर वेळेत गेली पाहिजे. कशी ते मला विचारू नका.' मग मी बाजारातल्या एका गोडबोल्या व्यापाऱ्याकडून तयार तिखट आणलं आणि आपल्यात कालवलं. त्यानं चांगलं म्हणून दिलं. मलाही रंग आवडला."

"आणि ते पाण्यात टाकून बघितलंत?"

"आपल्या गिरणीत आपण कधी बघतो?" काकांनी साधेपणाने विचारले.

मावशींच्या गिरणीत खरोखरच कधी पेला ठेवला जात नसे. दुसऱ्याचा माल पाण्यात टाकायचा. आपला टाकणे म्हणजे स्वतःच्या पोटच्या पोराची झडती घेतल्यासारखे, असे त्या म्हणत. आणि मघाशी आचाऱ्यांनी त्या रंगाचे कौतुक केले, तेव्हा देठ काढण्याचे आणि दोन उन्हांचे श्रेय त्यांनीच घेतले होते. कानांच्या पाळ्या गरम झाल्याचे त्यांना जाणवले. या वेळी ते तापामुळे नव्हते.

चिमणीने घड्याळ पाहिले. चारला दहा मिनिटे होती. तिने वही जवळ ओढली, पेन टेकवले आणि कोणाकडेही न बघता भरभर बोलली, "मावशी, ऐक. मी अजून काही लिहिलेलं नाही. तू आत्ता हे पोतं घेऊन जा. मिरची आज आलीच नाही असं लिहिते. पट्टा बसला की नवी कांडून आण. आचारी काही बोलणार नाहीत."

"मी?" आचारी म्हणाले. "मी तर मघापासून भाजी चिरतोय."

किती सोपे होते. मावशींनी त्या पोत्यावरच्या शिक्क्याकडे पाहिले. निळ्या शाईत त्यांच्या गिरणीचे नाव होते आणि खाली, त्यांनीच हौसेने घालून घेतलेली ओळ, 'शुद्धतेची खात्री'. तीनशे मुलींच्या पोटात हे लाल पाणी गेले असते. वर ही पोरगी खोटे लिहिणार, तेही त्यांच्याचसाठी, त्यांनीच चाचणी करायला शिकवलेल्या हाताने.

"चिमणे," मावशी म्हणाल्या, "पेन सरळ धर."

"मावशी..."

"लिही. मिरची, नापास."

"वर्षभर बाद होशील!"

"होऊ दे. खोडाखोड करायची नाही, अक्षर नीट काढ. आणि शेरा लिही: कृत्रिम रंग, पाण्यात सुटतो."

चिमणीने लिहिले. त्याच वेळी दारात अधीक्षिकाबाई येऊन उभ्या राहिल्या, हातात यादीची फाइल, पायांत अजिबात आवाज न करणाऱ्या चपला. त्यांनी टेबलावरचे लाल-पिवळे पेले पाहिले, पिळलेले लिंबू पाहिले, पडलेले चेहरे पाहिले.

"सरबत चाललंय का?" त्यांनी विचारले.

"नाही बाई," मावशी पुढे होत म्हणाल्या. "माझ्या मालाची चाचणी. हळद पास झाली. मिरची नापास झाली. मिरचीत बाजारातलं रंगवलेलं तिखट मिसळलंय. चूक माझ्या गिरणीची आणि माझी. तुमच्या कोठीप्रमुखांनी पकडली." त्या जरा थांबल्या. "नात्यानं माझी भाची लागते. तरी पकडली."

अधीक्षिकाबाईंनी वही घेतली, दोन्ही ओळी वाचल्या, चष्म्यावरून मावशींकडे एकदा नीट पाहिले. मग यादीतले मिरचीच्या रकान्यातले नाव एका रेघेने खोडले आणि हळदीच्या रकान्याशी सही केली.

"पुढच्या वर्षी मिरचीचा नमुना आणा," त्या म्हणाल्या. "आम्ही पाण्यात टाकूच."

"आणि प्रयोगशाळेतही पाठवा," मावशी म्हणाल्या. "काही रंग तेलात विरघळणारे असतात. ते पाण्यात तोंड उघडत नाहीत. पाण्यावर फार विसंबू नका."

"हे तुम्ही शिकवलंत का यांना?"

"शिकवायचं राहिलं होतं," मावशी म्हणाल्या. "आज शिकवलं."

मिरचीचे पोते आचाऱ्यांनी रिक्षापर्यंत नेऊन दिले. न सांगता, आणि रंगाबद्दल एकही शब्द न बोलता. चिमणी मागून धावत आली. तिच्या हातात कागदात गुंडाळलेले दोन काचेचे पेले होते.

"कशाला गं?" मावशींनी विचारले.

"गिरणीत ठेव," चिमणी म्हणाली. "धुऊन दिलेत. सहा वेळा."

मावशींनी तिच्या गालावर हात ठेवला. गालावर पिवळसर बोटे उमटली आणि दोघींनीही ती पुसली नाहीत.

रिक्षात पायांशी पोते होते. मावशींनी पेले मांडीवर घेतले होते, तान्हे बाळ घ्यावे तसे. चौक मागे पडला, दवाखाना मागे पडला, तेव्हा काका हळूच म्हणाले, "अगं, एक सांगायचं होतं."

मावशींनी ओठांवर आलेले 'नंतर' मागे परतवले. त्यांच्यासारख्या बाईला ते किती जड गेले असेल, हे ओळखणारे रिक्षात दुसरे कोणीही नव्हते, काकांशिवाय.

"सांगा," त्या म्हणाल्या. "सावकाश सांगा. मी ऐकतेय."

काका गोंधळले. पस्तीस वर्षांत असा प्रसंग त्यांच्यावर आला नव्हता. त्यांनी रस्त्याकडे पाहिले, पोत्याकडे पाहिले, पुन्हा मावशींकडे पाहिले.

"विसरलो," ते म्हणाले.